‘फिकट पिस्ता’ म्हणजे नेमका कोणता? दुरुस्तीनंतर भिंतीचा रंग जुळवण्याबाबत

ओसरी

नमस्कार. पुण्यातल्या आमच्या घरात दिवाणखान्याची एक भिंत न्हाणीघराला लागून आहे. भिंतीतली नळी गळू लागल्याने गेल्या महिन्यात ती फोडावी लागली. नवा गिलावा, लांबी आणि प्रायमर झाल्यावर साधारण तीन फूट बाय चार फुटांचा पांढरा चौकोन उरला. घर २०१७ साली रंगवले होते. तेव्हाचा डबा कधीच भंगारात गेला आणि पावतीही सापडली नाही.

रंग मात्र आम्हा दोघांनाही पक्का आठवत होता. फिकट पिस्ता. आठ वर्षे रोज पाहतो आहोत, त्यात चुकण्यासारखे काय आहे, अशा भरवशावर आम्ही दुकानात गेलो, शेडकार्डावरच्या एका चौकोनावर दोघांनीही एकाच वेळी बोट ठेवले आणि एक लिटरचा डबा बनवून आणला. रंगाऱ्याने दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर भिंतीवर हिरवा रुमाल वाळत घातल्यासारखा तो चौकोन उठून दिसत होता, आणि भोवतालची जुनी भिंत त्याच्या शेजारी चक्क राखाडी वाटत होती.

दुकानदार म्हणतात की जुना रंग उडाला आहे. रंगारी म्हणतात की मशीनमध्ये रंग जास्त पडला. आमच्या दोघांच्याही आठवणीत एकच रंग होता, म्हणजे आठवण चुकलेली नसावी असे मला वाटते. पुन्हा डबा बनवायचा झाल्यास दुकानात रंगाचे वर्णन कसे करावे?

निवांत_नाशिक

यात वर्णन करत बसण्याची गरजच नाही. जुन्या भिंतीचा फोनवर स्वच्छ फोटो काढा. फोटोतल्या ठिपक्यावर बोट ठेवले की रंगाचा आकडा सांगणारी ॲप मोफत मिळतात. तो आकडा दुकानदाराला दिला की काम झाले. डोळा चुकेल, कॅमेरा चुकणार नाही.

चिऊची_आई

आमच्याकडेही भिंतीचाच प्रश्न आहे. लेकीने खडूने सगळी भिंत रंगवली आहे. ओल्या फडक्याने पुसता येईल असा रंग कोणता घ्यावा?

शेडकार्ड

चिऊची आई, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. इथे ओसरीताईंचे आधी पाहू.

कोल्हापुरात माझे रंगाचे दुकान आहे आणि बावीस वर्षे मी टिंटिंग मशीनसमोर उभा आहे. ताई, तुम्ही दोघांनी एकाच चौकोनावर बोट ठेवले हा आठवण बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. तुम्हा दोघांच्या डोक्यात ‘पिस्ता’ हा शब्द एकच होता, एवढेच त्यावरून कळते. मी हे दुकानात जवळजवळ रोज पाहतो. गिऱ्हाईक घरून रंगाचे नाव ठरवून येते आणि कार्डावर त्या नावाला सर्वांत शोभेल असा चौकोन शोधते. पिस्ता म्हटले की आइस्क्रीम आठवते आणि बोट आपोआप स्वच्छ हिरव्याकडे जाते. बदामी मागणाऱ्याला सोललेला बदाम हवा आहे की सालीसकटचा, हे तर मी विचारल्याशिवाय पुढेच जात नाही, कारण त्या दोन बदामांत भिंतभर अंतर आहे. मोतिया, सायीचा, आमसुली, सगळ्यांची हीच गत.

म्हणून माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकाला आधी आठवणीने शेड निवडायला लावतो, त्यावर पेन्सिलीने खूण करतो आणि मग भिंतीचा पोपडा आणायला पाठवतो. पोपडा आल्यावर तो खुणेशेजारी ठेवला की बहुतेक वेळा आठवणीतला रंग दोन-तीन घरे अधिक भडक निघतो. फिका निघालेला फार क्वचित पाहिला आहे.

मशीनमध्ये रंग जास्त पडण्याचे म्हणाल, तर तसे होऊ शकते, पण ते तपासता येते. डब्याच्या झाकणावर जी चिठ्ठी चिकटवलेली असते तिच्यावर शेडचा क्रमांक, कोणता बेस आणि कोणते रंगद्रव्य किती पडले हे छापलेले असते. तुमच्या डब्यातला रंग कोरड्या कागदावर दोन हात लावून वाळवा आणि कार्डावरच्या त्याच क्रमांकाच्या चौकोनाशेजारी धरा. ते दोन जुळले तर मशीन निर्दोष आहे.

आता नमुना कसा आणायचा ते सांगतो. कागद कापायच्या धारदार पात्याने जुन्या भिंतीवर दोन बोटे रुंदीचा चौकोन आखा, पात्याचे टोक लांबीपर्यंत जाऊ द्या आणि खालून तिरके पाते घालून तो तुकडा लांबीसकट उचला. नुसती रंगाची पापडी निघाली तर ती वाकते आणि रंग मोजणाऱ्या मशीनच्या भिंगाखाली नीट बसत नाही. काढण्यापूर्वी ती जागा ओल्या फडक्याने हलकी पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर मशीन तुमच्या घरातली धूळ जुळवून देईल.

निवांत साहेब, फोटोवरून आकडा घेऊन आलेली माणसेही मी पाहिली आहेत. तीच भिंत खिडकीकडून टिपली की एक आकडा येतो आणि दाराकडून टिपली की दुसरा. फोन स्वतःच ठरवतो की समोर पांढरे काय असावे आणि त्या हिशेबाने सगळा फोटो निळा किंवा पिवळा करतो.

निवांत_नाशिक

फोटोत भिंतीला चिकटवून एक पांढरा कागद ठेवला तर तो फरक काढून टाकता येईल ना? मी छायाचित्रण करतो, आम्ही असेच करतो.

सुतावरून

काही अंशी. पांढऱ्या कागदाने उजेडाचा मोठा झोल निघून जातो, म्हणजे दुकानदाराशी बोलताना ‘हिरव्याकडे झुकलेला राखाडी’ इतपत तरी खात्रीने सांगता येते. पण कॉपीचा कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात निळसर चमक देणारे द्रव्य घातलेले असते, त्यामुळे दिवसाच्या उजेडात तो खराखुरा पांढरा नसतो. राखाडी कार्ड वापरलेत तर बरे. तरीही फोटोवरून डबा बनवू नये असेच माझे मत आहे.

मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये शेड जुळवण्याचे काम करतो. आमच्या प्रयोगशाळेत एक साधा नियम आहे: दोन्ही तुकडे एकाच वेळी, एकाच उजेडात, एकमेकांना टेकलेले नसतील तर ‘जुळला’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. याचे कारण असे की शेजारी ठेवलेल्या दोन तुकड्यांतला अत्यंत बारीक फरक डोळ्याला दिसतो, पण एक तुकडा खिशात घातला आणि दुसरा पाच मिनिटांनी पाहिला की तीच सूक्ष्मता शिल्लक राहत नाही. तेव्हा आपण रंगाची तुलना करत नसतो, पहिल्या रंगाला मनात दिलेल्या नावाची तुलना दुसऱ्या रंगाशी करत असतो.

शेडकार्ड यांनी जे दोन-तीन घरांचे अंतर सांगितले त्याला जुना आधारही आहे. अमेरिकेत बार्टलसन यांनी १९६० साली लोकांना गवत, आकाश, वीट यांसारख्या ओळखीच्या वस्तूंचे रंग आठवणीने निवडायला सांगितले, आणि निवडलेले रंग पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा अधिक भरीव निघाले. हिरव्या वस्तूचे हिरवेपण मनात वाढते. तुमच्या भिंतीत जेमतेम चिमूटभर हिरवा असेल, पण तुम्ही तिला आठ वर्षे पिस्ता म्हणत आला आहात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण नमुना नेता येत नाही अशी वेळही येते. भाऊ गावी असतो, आपण परगावी असतो आणि फोनवर रंग सांगायचा असतो. अशा वेळी रंगाचे नाव सांगूच नये. दोघांकडे एकच शेडकार्ड असावे, एकाने ते भिंतीला टेकवावे आणि सर्वांत जवळचा क्रमांक धरून त्याच्याशी तुलना करत तीन गोष्टी सांगाव्यात: भिंत त्यापेक्षा गडद आहे की फिकट, ती पिवळ्याकडे झुकते की निळ्याकडे, आणि तिचा रंग त्याहून स्वच्छ आहे की मळकट. यातला तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. घराच्या भिंतींवरचे बहुतेक रंग मळकट असतात, म्हणजे त्यांत काळ्याचा किंवा मातकट पिवळ्याचा अंश असतो, आणि चारही भिंतींवर ते डोळ्यांना सुखद वाटतात ते त्यामुळेच. आठवणीतून सगळ्यांत आधी नाहीसा होतो तो हाच अंश.

आबा_कणकवली

आमच्या काळी चुन्यात निळीची पूड किंवा पिवडी घालून भिंती सारवल्यासारख्या रंगवीत. तेव्हाचा अनुभव सांगतो. ओला रंग नेहमी गडद दिसतो आणि वाळला की फिकट होतो. त्यामुळे ताईंनी एक दिवसाने पाहून निर्णय घेऊ नये, चार दिवस थांबावे. उतरेल रंग.

शेडकार्ड

आबा, चुन्याच्या बाबतीत तुमचे शब्दशः खरे आहे. इमल्शनचे मात्र उलटे असते. डब्यातले इमल्शन दुधाळ दिसते. पाणी उडून गेले की त्यातला पांढुरका धुरकटपणा जातो आणि रंग किंचित गडद होतो. म्हणून रंगारी भिंतीवर ओले बोट ओढून ‘बघा साहेब, जुळला’ म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नये. ओल्यात जुळलेले इमल्शन वाळल्यावर जुळत नाही. ताईंच्या भिंतीवरचे दोन हात एका रात्रीत वाळलेले आहेत, आता ते आपोआप उतरणार नाहीत.

तांबडा_कोबा

भिंतीचे नाही, पण असेच घडलेले माझ्या घरचे सांगतो. मडगावजवळ आमचे आजोबांच्या वेळचे घर आहे. त्याच्या बैठकीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या आहेत. वाळवी लागलेली तुळई काढताना त्यातल्या सहा फुटल्या. अशा फरश्या साच्यात हाताने रंग ओतून आणि दाबयंत्रात दाबून अजूनही बनवून मिळतात, म्हणून मी कारागिराला फोनवर वर्णन दिले: आठ इंची फरशी, तांबड्या जमिनीवर पांढरे आठ पाकळ्यांचे फूल, कडेने काळी वेल. या फरशीवर मी लहानपणी लोळलो आहे, त्यामुळे डोळे मिटून सांगू शकतो अशी माझी समजूत होती.

फरश्या आल्या आणि तीन गोष्टी चुकलेल्या निघाल्या. फुलाला पाकळ्या आठच होत्या, पण ते फूल एका फरशीवर नव्हते. आमच्या प्रत्येक फरशीवर एका कोपऱ्यात पाव फूल आहे आणि चार फरश्या फिरवून लावल्या की मधोमध पूर्ण फूल जमते. माझ्या आठवणीत जमलेले फूल राहिले, फरशी राहिलीच नाही. दुसरे असे की नवी फरशी दोनशे मिलिमीटरची आहे आणि जुनी भरभक्कम आठ इंचांची, म्हणजे तीन मिलिमीटरने मोठी. सहा फरश्या एका ओळीत असत्या तर शेवटच्या सांध्यापर्यंत पाऊण इंच फरक पडला असता. आणि तिसरे म्हणजे तांबडा. मला आठवत होता तो दसऱ्याला नुकत्याच पुसलेल्या ओल्या जमिनीचा तांबडा. कोरडी फरशी विटकरीहूनही फिकी आहे.

दुसऱ्या खेपेला फुटलेला तुकडाच कुरिअरने पाठवला आणि चार शाबूत फरश्यांवर पट्टी ठेवून वरून काढलेला फोटो दिला. नक्षी आणि माप तंतोतंत आले. तांबडा मात्र अजूनही वेगळा दिसतो. कारागिराच्या मते नव्या फरशीवर दहा वर्षे पाय फिरले की तो उतरेल. हे खरे आहे का?

सुतावरून

तुकडा फुटलेल्या कडेने पाहा. वरचा रंगीत थर काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि रंग पूर्ण थरात असतो, त्यामुळे पाय फिरून त्याचे रंगद्रव्य निघून जात नाही. तांबडा बहुधा लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो आणि तो उन्हातही टिकतो. फरक पडतो तो पृष्ठभागामुळे. जुनी फरशी घासली जाऊन गुळगुळीत झाली असेल तर ती अधिक गडद दिसायला हवी, पण तुमची जुनी फिकी आहे, म्हणजे तिच्यावर बारीक चरे किंवा क्षारांचा पांढुरका थर असावा. तसे असेल तर दोन्हींवर पाणी शिंपडून पाहा. ओल्या असताना त्या सारख्या दिसल्या तर द्रव्य तेच आहे आणि फरक फक्त वरच्या कातडीचा आहे.

तांबडा_कोबा

आत्ताच शिंपडून पाहिले. अंतर पुष्कळ कमी झाले, पण पूर्ण गेले नाही. जुनी किंचित नारिंगीकडे झुकते.

ओसरी

सर्वांचे आभार. शेडकार्डदादांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर रंग वाळवून कार्डाशेजारी धरला. तो कार्डाशी जुळला, म्हणजे मशीनची चूक नव्हती. रंगारीकाकांनाही तसे सांगितले.

नमुना काढण्यासाठी जागा शोधताना मी स्विचबोर्डाची पाटी उघडली. तिच्यामागे २०१७ सालचा रंग जसाच्या तसा आहे आणि तो बाहेरच्या भिंतीपेक्षा खरोखर थोडा हिरवा आहे! म्हणजे दुकानदारांचे म्हणणेही अगदीच चुकीचे नव्हते. तरी आम्ही निवडलेला रंग त्याहूनही पुष्कळ हिरवा आहे. आता पाटीमागचा तुकडा न्यावा की बाहेरचा?

शेडकार्ड

पूर्ण खोली रंगवणार असाल तर पाटीमागचा न्या. एकच भिंत रंगवणार असाल तर बाहेरचा, कारण तिला शेजारच्या भिंतींच्या आजच्या रंगाशी जमवून घ्यायचे आहे, आठ वर्षांपूर्वीच्या नाही. आणि भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा, फक्त चौकोन रंगवू नका. मशीनने कितीही बरोबर दिले तरी एकाच सपाटीवर मधेच कड आली की डोळा ती पकडतो. शिवाय जुनी भिंत रोलरने केलेली असणार आणि ठिगळ ब्रशने, त्यामुळे खिडकीकडून तिरका उजेड पडला की एकाच डब्यातला रंगही वेगळा चमकतो. कोपऱ्यात दोन भिंतींवर मुळात उजेड वेगवेगळा पडतो, तिथे थोडा फरक खपून जातो.

पाटी बंद करण्यापूर्वी मेन स्विच बंद आहे ना, ते पाहा.

सुतावरून

मशीनवरही डोळे मिटून विसंबू नये. ते मोजते बरोबर, पण नंतर स्वतःच्या कंपनीच्या ठरावीक रंगद्रव्यांतून जवळात जवळचे मिश्रण काढून देते. तुमचा जुना रंग दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्यातली द्रव्ये निराळी असू शकतात, आणि मग दोन रंग दिवसाच्या उजेडात जुळून रात्री दिव्याखाली वेगळे दिसतात. कापडात आम्ही प्रत्येक शेड निदान दोन-तीन दिव्यांखाली पाहतो ते याचसाठी.

शेडकार्ड

हे तत्त्वतः मान्य आहे, पण फिक्या रंगात हा फरक एवढा नसतो. लिटरमागे काही थेंब द्रव्य पडते, बाकी सगळा पांढरा बेसच असतो. बावीस वर्षांत फिक्या शेडची रात्रीची तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईक मला तरी आठवत नाही.

सुतावरून

आठवत नाही, हा पुरावा या धाग्यावर तरी चालू नये!

शेडकार्ड

मानले. ताई, सर्वांत लहान डबा बनवा, एका जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि रात्रभर वाळवा. पुठ्ठ्याच्या कडेला पांढरी किनार राहू देऊ नका, रंग थेट कडेपर्यंत हवा. मग तो भिंतीला सपाट टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहा.

ओसरी

पुठ्ठ्याचा निकाल सांगते. मशीनने दिलेली सर्वांत जवळची शेड कार्डाच्या हिरव्या पानावर नाहीच, ती राखाडी पानावर आहे. दुकानात तो चौकोन पाहून मी म्हटले की हा आमचा रंग असूच शकत नाही. घरी येऊन पुठ्ठा भिंतीला टेकवला तर सकाळी दोन फुटांवरूनही कड सापडेना. दुपारीही तसेच. रात्री मात्र पुठ्ठा किंचित निळसर दिसला. सुतावरून यांचे म्हणणे खरे ठरले असे वाटून मी लिहायला बसले, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या की भिंतसुद्धा पूर्वी रात्री अशी दिसत नव्हती, बल्ब बदलल्यापासून दिसते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पिवळसर बल्ब काढून ६५०० केल्विनचे पांढरे दिवे लावले होते, हे माझ्या साफ लक्षातून गेले होते. आमचा पिस्ता हा बहुधा संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली जमलेला पिस्ता होता. आतल्या खोलीतला पिवळा दिवा तात्पुरता बाहेर लावून पाहिला, तेव्हा भिंत आणि पुठ्ठा दोन्ही हिरवटले, आणि पुठ्ठा तरीही अगदी थोडा वेगळा राहिला.

सुतावरून

दोन्ही दिव्यांखाली थोडा फरक राहतो आणि दिवसा राहत नाही, याचा अर्थ द्रव्ये निराळी आहेत. भिंत कोपऱ्यापर्यंत रंगवणार असाल तर एवढ्यासाठी पुन्हा डबा बनवू नका. एका राखाडी कागदाला दोन खिडक्या कापा, एका खिडकीत कोपऱ्याच्या अलीकडची भिंत आणि दुसरीत पलीकडची येईल असा तो धरा. तरीही फरक खुपला तरच पुढचा विचार करा.

ओसरी

भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाली. झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो काढला, चिठ्ठीही मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली आणि भिंतीतून काढलेला तुकडा पाकिटात घालून त्यावर तारीख लिहिली. दिवसा काहीच वेगळे जाणवत नाही. रात्री कोपऱ्यात मला जाणवते, पाहुण्यांना जाणवत नाही.

यजमानांचे मात्र ठाम मत आहे की आमची भिंत आधी याहून हिरवी होती. मी त्यांना पाकिटातला तुकडा दाखवला. ते म्हणतात, पाकिटात राहून तो उतरला.